कलम ४ मध्ये महापौर नाहीत: मराठवाड्यातल्या पाच महापौरांना खुले पत्र

प्रति,
मा. महापौर,
छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना महानगरपालिका

स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात मी सव्वीस वर्षं काढली. कुठली महापालिका ते लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते ज्यांच्या हातून घडलं त्यांतले बरेच जण अजून कामावर आहेत आणि दोघे-तिघे रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला येतात. माझं काम होतं विषयपत्रिका काढायची, सभेत मागच्या टेबलावर बसून कोण काय बोललं ते उतरवायचं आणि नंतर त्याचा ठराव लिहायचा. सभागृहातला आवाज आणि कागदावरचा ठराव यांत किती अंतर असतं ते त्या टेबलावरून चांगलं दिसतं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि आपल्या पाचही शहरांना पुन्हा महापौर मिळाले. संभाजीनगरात एप्रिल २०२० पासून प्रशासक होते. जालना तर २०२३ साली महापालिका झाली, तिथले आपण पहिलेच महापौर. मिरवणुका निघाल्या, जेसीबीतून फुलं उधळली गेली, 'प्रथम नागरिक' असे फलक लागले. त्यात मला खटकण्यासारखं काही नाही. खटकलं ते एका सत्कारात ऐकलेलं वाक्य. पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना एक जण सांगत होते, "महापौर उद्याच आयुक्तांना आदेश देतील."

महापौरांना आयुक्तांना आदेश देता येत नाही. हे आपल्याला निवडणुकीआधी कुणी सांगितलं नसेल, म्हणून हे पत्र.

आपलं कामकाज ज्या कायद्यानं चालतं तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ सालचा. त्याच्या कलम ४ मध्ये कायदा राबवणारी प्राधिकरणं कोणती ते दिलं आहे. महानगरपालिका, म्हणजे आपलं सभागृह. स्थायी समिती. प्रभाग समित्या. महानगरपालिका आयुक्त. परिवहन सेवा असेल तर परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक. यादी संपली. महापौर त्यात नाहीत. त्यांचा उल्लेख पुढे कलम १९ मध्ये येतो, तोही निवडणुकीपुरता: सदस्यांनी आपल्यातून एक महापौर आणि एक उपमहापौर निवडायचा. मुदत अडीच वर्षं.

मग कलम ६७ उघडा. तिथं दोन वाक्यं आहेत आणि सगळं भांडण त्या दोन वाक्यांत आहे. पहिलं सांगतं, शहराचं शासन महानगरपालिकेकडे, म्हणजे सभागृहाकडे. दुसरं सांगतं, कायद्यानं जिथं सभागृहाची किंवा स्थायी समितीची मंजुरी लागते तिथं ती घेऊन, कायदा अंमलात आणण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. कर्मचाऱ्यांवर नियंत्रण त्यांचं. पूर, आग, साथ असं काही अचानक ओढवलं तर आधी काम करून मग समितीला कळवण्याची मुभाही त्यांनाच. करारावर सही त्यांची. ते आयएएस असोत की मुख्याधिकारी संवर्गातून बढतीवर आलेले असोत, खुर्ची तीच. आणि त्या खुर्चीवर त्यांना बसवतं राज्य सरकार, आपण नाही.

गावाकडचा माणूस इथं हमखास फसतो. गावात सरपंच ग्रामसेवकाबरोबर धनादेशावर सही करतो, म्हणजे पैशाला त्याचा हात लागतो. मग एवढ्या मोठ्या शहराच्या महापौराची सही कशावरच कशी नसेल, असं त्याला वाटतं. आमच्याकडं एका महापौरांचे वडील स्वतः सरपंच राहिलेले होते. मुलाच्या दालनात आले, टेबलावर धनादेश-पुस्तक दिसेना म्हणून मला बाजूला घेऊन विचारलं, "सायेब, ते कुठं ठिवता?" मी त्यांना लेखा विभागाचा मजला दाखवला.

ही रचना सरकारनं आपल्याला खाली ठेवायला काल-परवा केलेली नाही. तिचं मूळ मुंबईत आहे. १८६५ साली तिथं आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त नेमले गेले. त्यांनी कामं धडाक्यानं केली, पण खर्चाला लगाम नव्हता आणि करदाते चिडले. तेव्हा फिरोजशाह मेहतांनी जी बाजू घेतली ती आज वाचताना चकित करते: अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती ठेवा, पण त्याच्यावर आणि पैशावर लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा अंकुश ठेवा. १८८८ चा मुंबईचा कायदा याच वळणावर गेला आणि १९४९ चा आपला कायदाही त्याच साच्यातला. म्हणजे आपल्याकडे अंकुश दिलेला आहे आणि सोंड आयुक्तांकडे. अंकुश हातात असलेला माणूस सोंडेनंच ओंडके उचलायला गेला की काय होतं, ते मी जवळून पाहिलं. तेच सांगतो.

आमच्या शहरात एका नाल्यावर जुना नळकांडी पूल होता. दर पावसाळ्यात दोन-तीनदा पाणी वरून जायचं आणि पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेला दीड किलोमीटरचा वळसा घालून जायची. तिथल्या नगरसेविकेनं विषय मांडला, सभागृहात एकही विरोध नाही. महापौरांनी घंटी वाजवून सांगितलं, "विषय मंजूर." संध्याकाळी वस्तीत पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

आता त्या ठरावाचं पुढे काय झालं ते बघा. सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत आमच्याकडं ठरावाची प्रत खाली पाठवायची पद्धत नव्हती. पुढची सभा श्रद्धांजली वाहून तहकूब झाली. त्यानंतरची गणसंख्येअभावी. अडीच महिने तिथंच गेले. मग ठरावावर पीठासीन अधिकारी म्हणून महापौरांची सही हवी होती. ते तीन आठवडे मुंबईत होते. प्रत शहर अभियंत्यांकडे गेली, उपअभियंत्यानं जागेवर जाऊन मोजमाप घेतलं आणि अंदाजपत्रक आलं एक कोटी बारा लाखांचं. त्याला तांत्रिक मान्यता मिळाली. नस्ती, म्हणजे या कामाची फाईल, लेखा विभागात गेली.

तिथं ती अडकली. 'पूल व मोऱ्या' या लेखाशीर्षाखाली त्या वर्षी सगळ्या शहरासाठी दोन कोटींची तरतूद होती. त्यातले एक कोटी चाळीस लाख आधीच्या वर्षी झालेल्या कामांच्या थकलेल्या देयकांचे. त्याला दायित्व म्हणतात, आणि ते आधी फेडायचं असतं. उरले साठ लाख, तेही कागदावर. लेखाधिकाऱ्यांनी तेवढंच लिहिलं आणि नस्ती आयुक्तांसमोर प्रशासकीय मान्यतेसाठी ठेवली. आयुक्तांनी समासात एक ओळ लिहिली: "निधीच्या उपलब्धतेनुसार प्राधान्यक्रमात घ्यावे."

ही ओळ ओळखायला शिका. तिच्या बहिणी पुष्कळ आहेत. "तपासून सादर करावे", "चर्चा करावी", "नियमोचित कार्यवाही करावी". कुठलीच ओळ नकार नाही. नकार दिला तर त्याला कारण द्यावं लागतं आणि कारण दिलं की त्यावर सभागृहात बोलता येतं. या ओळींवर बोलता येत नाही. नस्ती शहर अभियंत्यांच्या कपाटात परत गेली. महापौरांनी त्यानंतर चार पत्रं लिहिली, जाड कागदावर, वर सोनेरी बोधचिन्ह. चारही पत्रं त्याच नस्तीला जोडली गेली, तेवढी नस्ती जाड झाली.

सगळ्या प्रवासात कुणाकुणाच्या सह्या झाल्या ते मोजा. उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता, लेखाधिकारी, आयुक्त. पुढे निविदा निघाली असती आणि रक्कम मोठी म्हणून ती स्थायी समितीसमोर गेली असती, तर सोळा सदस्यांची मंजुरी. मग करार, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. महापौरांची सही फक्त पहिल्या ठरावावर, आणि तीच तीन आठवडे उशिरा झालेली.

पूल शेवटी झाला. चार वर्षांनी, राज्याच्या विशेष निधीतून, सार्वजनिक बांधकाम विभागामार्फत. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव पहिलं, आमदारांचं दुसरं. महापौर तोवर दुसरे होते. त्यांचं तिसरं.

आयुक्तांनी मुद्दाम अडवलं असं आपण म्हणाल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण साठ लाखांत एक कोटी बाराचा पूल कोण बांधणार? चूक सात-आठ महिने आधी झाली होती, अर्थसंकल्पाच्या सभेत, आणि ती आपल्या बाजूची होती.

अर्थसंकल्प आयुक्त तयार करून स्थायी समितीला सादर करतात. समजा त्यांनी सहाशे कोटींचा मांडला. स्थायी समिती त्यात साठ कोटी वाढवते. सभागृहात आला की आणखी चाळीस. प्रत्येक नगरसेवकाचं एक-दोन कामांचं समाधान होतं. पण खर्च वाढवला की जमा वाढवून दाखवावी लागते, म्हणून मालमत्ता करात इतके जास्त येतील, नळपट्टीत तितके, असे आकडे फुगवले जातात. ते कधीच येत नाहीत. सातशे कोटींचा अर्थसंकल्प आणि तिजोरीत साडेपाचशे, अशी अवस्था झाली की कुठली कामं घ्यायची आणि कुठली सोडायची हे कुणीतरी ठरवावंच लागतं. ते ठरवतात आयुक्त, एकटे, समासातल्या ओळीनं. कलम ६७ नं त्यांना जितकी सत्ता दिली त्याहून जास्त सत्ता त्यांना आपण फुगवलेल्या अर्थसंकल्पानं मिळते. तरतूद आणि निधी हे दोन वेगळे शब्द आहेत. सभागृह तरतूद वाटत बसतं आणि निधी खालच्या मजल्यावर वाटला जातो.

त्या नगरसेविकेचा पूल वाचवायचा एक रस्ता होता. अर्थसंकल्पाच्या सभेत 'पूल व मोऱ्या, दोन कोटी' असं मोघम न ठेवता त्या नाल्याचं नाव घालून एक कोटी बारा लाखांची स्वतंत्र ओळ मागायची, आणि जमेचा आकडा न फुगवता ते पैसे कुठून कापायचे तेही त्याच दुरुस्तीत सांगायचं. त्या वर्षी कमानी आणि सुशोभीकरण यांना जवळपास तेवढीच रक्कम होती. अशी ओळ मंजूर झाल्यावर ती रक्कम दुसरीकडे वळवायची तर प्रशासनाला मंजुरीसाठी स्थायी समितीकडे यावं लागतं, तिथं विचारता येतं. पण कमान कापायची म्हणजे कुणाची तरी कमान कापायची, आणि ते वाईटपण घ्यायला कुणी तयार नव्हतं. आयुक्तांनी घेतलं.

आता दुसरी बाजू. सभागृहानं नियमानुसार ठराव केला आणि आयुक्तांना तो पटला नाही, तर कलम ४५१ आहे. त्याखाली राज्य सरकार ठराव निलंबित करू शकतं किंवा रद्द करू शकतं. आमच्या भाषेत ठराव 'विखंडनाला गेला'. या कलमाचा धाक मी खूप ऐकला, पण आमच्याकडून जे ठराव विखंडनाला गेले त्यांतले बरेच ऐनवेळच्या विषयांतले होते, हेही सांगितलं पाहिजे. विषयपत्रिकेवर नाही, सभेत वाचला गेला नाही, आणि सभा संपल्यावर चार दिवसांनी कुणीतरी टंकलेला कागद घेऊन येतो: "हा त्या दिवशीच्या ऐनवेळच्या विषयांत घ्या, सायेबांनी सांगितलंय." भूखंडाचं आरक्षण, कुणाची नेमणूक, कुठली मुदतवाढ. महापौरांची जी काही न लिहिलेली सत्ता आहे ती या कागदात असते, आणि शासनाला बोट ठेवायला जागाही त्याच कागदात मिळते. मी असे किती लिहिले ते इथं सांगत नाही.

आयुक्तांना परत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. कलम ३६. एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव झाला तर सरकारनं त्यांना परत बोलवायचं. लातूरच्या सत्तर सदस्यांत चव्वेचाळीस मतं लागतील, नांदेडच्या एक्याऐंशीत एक्कावन्न, संभाजीनगरच्या एकशे पंधरात बहात्तर. उपस्थितांच्या नाही, एकूण संख्येच्या, म्हणजे घरी बसलेला सदस्य विरोधातच मोजला जातो. आणि एवढं करूनही काय होतं ते नवी मुंबईत दिसलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथं आयुक्त तुकाराम मुंढेंविरुद्ध एकशे अकरा सदस्यांच्या सभागृहात एकशे चार मतांनी अविश्वास मंजूर झाला. पाच-अष्टमांश केव्हाच मागे पडलं होतं. तरी ते मार्च २०१७ पर्यंत त्याच खुर्चीत होते. पाठीशी राज्य सरकार असलं की कायद्यातलं 'परत बोलवावं' किती सावकाश चालतं ते तेव्हा कळलं. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, हा वाद इथं उकरत नाही. खुर्चीचा दोर कुणाच्या हातात आहे, एवढंच दाखवायचं होतं.

आणि आयुक्त म्हणजे तरी राजे, असं नाही. संभाजीनगरची पाणीपुरवठा योजनाच घ्या. २०१९ मध्ये ती १६८० कोटींची होती, पुढे २७४० कोटींवर गेली. जायकवाडीपासून शहरापर्यंतचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करतंय, महापालिका नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं वारंवार लक्ष घातलं तेव्हा काम हललं. महापौर नव्हते त्या सगळ्या काळात आयुक्तच प्रशासक होते, त्यांच्या हातात दोन्ही चाव्या होत्या, तरी हा नळ त्यांना सोडता आला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेही ना महापौरांच्या सहीनं ना आयुक्तांच्या. मोठं काम आणि मोठी रक्कम आली की सत्ता मंत्रालयात जाते. खाली उरलेल्या तुकड्यावर आपण दोघं भांडता.

प्रशासक काळात मी शेवटची दोन वर्षं नोकरीत होतो. तेव्हा लिहिलेला एक कागद आठवतो. वर प्रस्ताव: 'आयुक्त यांच्याकडून सादर.' खाली निर्णय: 'प्रशासक यांनी मंजूर केले.' सूचक नाही, अनुमोदक नाही, चर्चा नाही. दोन्ही सह्या एकाच हाताच्या, एकाच दिवशीच्या, एकाच पेनानं. सव्वीस वर्षांत माझं काम इतकं सोपं कधी झालं नव्हतं, आणि ठरावाचं लेखन इतकं नीरसही. सभागृहात आरडाओरडा व्हायचा, राजदंड पळवला जायचा, पण त्या गोंधळात अधूनमधून कुणीतरी विचारायचं की या निविदेत दर इतका जास्त का. प्रशासक काळात ते विचारणारं कुणी नव्हतं.

दुसरीकडे वेगळी व्यवस्था आहे हे मला माहीत आहे. कोलकात्यात १९८० च्या कायद्यानं महापौर परिषद आणली, तिथं महापौर आणि त्यांचे सहकारी खरंच कारभार करतात. आपल्याकडंही १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला ती करून बघितली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली. आपल्यापैकी कुणी ती पुन्हा मागणार असेल तर जरूर मागा. पण कायदा बदलायचा तर विधानसभेत, आणि तिथं बसलेल्या आमदारांना आपल्या मतदारसंघात दुसरा ताकदवान माणूस हवाय असं मला कधी दिसलं नाही. अडीच वर्षं त्या वाटेकडे डोळे लावून घालवू नका. महापौरपदाचं आरक्षण सोडतीनं फिरतं, त्यामुळे आपण पुन्हा याल याचीही खात्री नाही. आयुक्तांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची, आणि बहुतेक जण त्याआधीच बदलून जातात. दोघंही पाहुणे.

म्हणून माझं मागणं लहान आहे. लोकांना 'आदेश देतो' असं सांगू नका; 'सभागृहात विचारतो आणि उत्तर तुम्हाला कळवतो' असं सांगा, कारण तेवढं आपल्याला खरंच करता येतं. आयुक्तांकडून कागद, हिशेब, अहवाल मागवायचा हक्क कायद्यानं सभागृहाला दिलेला आहे. दर सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय आधीच्या ठरावांच्या अंमलबजावणीचा ठेवा. विषयपत्रिका महापौरांच्या संमतीनं निघते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक ठरावापुढे नस्ती आज कुणाच्या टेबलावर आहे आणि तिथं किती दिवस आहे, एवढंच वाचून दाखवायला सांगा. 'प्राधान्यक्रमात घ्यावे' ही ओळ सभागृहात मोठ्यानं वाचली गेली की ती लिहिणाऱ्याला पुढच्या वेळी प्राधान्यक्रमाचा आकडाही लिहावा लागेल. आमच्याकडं एका महापौरांनी हे सलग पाच सभा केलं. त्या पाच सभांत जितक्या नस्त्या हलल्या तितक्या मी आधी पाहिल्या नव्हत्या. सहाव्या सभेला त्यांना सोनेरी पत्रांचा मोह झाला.

यासाठी नवीन काही करावं लागत नाही. नगरसचिव कार्यालयात ठराव नोंदवही असते, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. शेवटचा रकाना 'केलेली कार्यवाही' असा असतो आणि तो बहुतेक कोरा असतो. आमच्याकडं ती तिसऱ्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेली असायची, किल्ली शिपायाकडं.

आपला नम्र,
नगरसचिव कार्यालयातला एक निवृत्त लिपिक